दोन खिळे, एक दोरी आणि तीन लंबवर्तुळे : एक प्रकरण अभ्यास

एका टेबलाच्या वरच्या फळीसाठी प्लायवुडवर १०० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असे लंबवर्तुळ आखायचे होते. दोन खिळे ठोकायचे, त्यांना दोरी बांधायची, पेन्सिलीने ती ताणून धरायची आणि पेन्सिल फिरवायची ही रीत शाळेत टाचण्या आणि दोऱ्याने अनेकांनी करून पाहिलेली असते, आणि मीही तिच्याकडे त्याच सहजतेने पाहत होतो. प्रत्यक्षात आकृती तीनदा काढावी लागली. पहिली आकृती डोळ्यांना निर्दोष दिसत होती, पण तिचे माप चुकले होते. दुसरीच्या रेषेची दोन टोके एकमेकांना मिळालीच नाहीत. तिसरी बरोबर आली. पहिल्या दोन चुकांमधला फरक समजला की दोरीची लांबी ‘कायम राहते’ म्हणजे नेमके काय होते आणि ती का कायम राहावी लागते हे आपोआप उलगडते, म्हणून तिन्ही प्रयत्नांची नोंद येथे क्रमाने केली आहे.

आखणीची मापे

लंबवर्तुळाची लांबी ज्या रेषेवर मोजतात तो दीर्घ अक्ष आणि रुंदी ज्या रेषेवर मोजतात तो लघु अक्ष. दोन्ही अक्ष एकमेकांना मध्यबिंदूत काटकोनात छेदतात. खिळे दीर्घ अक्षावर, मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ठोकायचे असतात आणि त्या जागांना नाभी म्हणतात. हे अंतर किती ठेवायचे हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर दोरीकडूनच मिळते.

पेन्सिल दीर्घ अक्षाच्या उजव्या टोकावर आहे असे समजू. जवळच्या खिळ्यापासून तिचे अंतर आणि लांबच्या खिळ्यापासून तिचे अंतर यांची बेरीज म्हणजे ताणलेल्या दोरीची लांबी. डाव्या टोकापासून डावा खिळा जितका आत आहे तितकाच उजव्या टोकापासून उजवा खिळा आत आहे, त्यामुळे ही बेरीज आकृतीच्या पूर्ण लांबीइतकीच भरते. म्हणजे दोरी १०० सेंटिमीटर हवी. आता तीच पेन्सिल लघु अक्षाच्या वरच्या टोकावर नेली, तर दोन्ही खिळे तिच्यापासून सारख्याच अंतरावर असतात आणि दोरीचे दोन समान भाग होतात, प्रत्येकी ५० सेंटिमीटरांचे. हा ५० सेंटिमीटरांचा भाग म्हणजे एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे, ज्याची उभी बाजू अर्धी रुंदी, म्हणजे ३०, आणि आडवी बाजू मध्यापासून खिळ्याचे अंतर. ५०² − ३०² = १६००, म्हणून हे अंतर ४० सेंटिमीटर, आणि दोन खिळ्यांमधले अंतर ८०. गणित नको असेल तर लघु अक्षाच्या टोकावर मोजपट्टीचा शून्य ठेवून तिची ५० सेंटिमीटरांची खूण दीर्घ अक्षाला दोन्ही बाजूंनी जिथे लागेल तिथे खिळे ठोकावेत, उत्तर तेच येते. मापे ३, ४, ५ या प्रसिद्ध त्रिकोणात बसणारी निघाली हा निव्वळ योगायोग होता, पण पुढच्या पडताळणीत तो फार सोयीचा ठरला.

पहिला प्रयत्न : सुबक, पण मोठे

सुती दोरीच्या दोन्ही टोकांना छोटे फास करून ते खिळ्यांत अडकवले. बांधण्याआधी दोरी टेबलावर सरळ ठेवून, फासापासून फासापर्यंत १०० सेंटिमीटर मोजली होती. वरचा अर्धा भाग काढला, पेन्सिल उचलून दोरी खिळ्यांच्या खालच्या बाजूला घेतली आणि उरलेला अर्धा भाग पूर्ण केला. रेषा दोन्ही टोकांना नीट जुळली, कुठे वाकडेपणा नाही, वरचा भाग खालच्याची आरशातली प्रतिमा वाटावा इतकी समता. मोजणी केली तेव्हा लांबी १०१.२ सेंटिमीटर आणि रुंदी ६२ सेंटिमीटर भरली.

लांबीत १२ मिलिमीटर आणि रुंदीत २० मिलिमीटर चूक आहे हे पाहून पहिली शंका खिळ्यांच्या जागेची आली. पण ती टिकत नाही. दोरीची टोके खिळ्यांना बांधलेली असताना आकृतीची लांबी फक्त दोरी ठरवते. खिळे जवळ असोत वा दूर, दीर्घ अक्षाच्या टोकावरची बेरीज दोरीइतकीच राहते. खिळे चुकले असते तर लांबी १००च आली असती आणि चूक एकट्या रुंदीत दिसली असती. लांबी बदलली आहे म्हणजे दोरी बदलली आहे.

दोरी खरोखर १०१.२ सेंटिमीटरांची असती तर रुंदी किती आली असती ते काढून पाहिले. अर्धी दोरी ५०.६, मध्यापासून खिळा ४०, म्हणून अर्ध्या रुंदीचा वर्ग २५६०.३६ − १६०० = ९६०.३६ आणि अर्धी रुंदी सुमारे ३१. पूर्ण रुंदी ६२. मोजलेली रुंदीही तीच होती, त्यामुळे खिळे जागेवर असून सगळी चूक दोरीच्या लांबीत आहे हे निश्चित झाले. लांबीतल्या चुकीपेक्षा रुंदीतली चूक मोठी का, हेही याच हिशेबात दिसते. खिळे हलत नाहीत, म्हणून त्रिकोणाची आडवी बाजू जागच्या जागी राहते आणि कर्णाची सगळी वाढ उभ्या बाजूला सोसावी लागते. चूक लहान असेल तोवर या दोन चुकांचे गुणोत्तर लांबी आणि रुंदी यांच्याच गुणोत्तराइतके असते. येथे ते १०० ला ६०, म्हणजे ५ ला ३ होते, आणि २० ला १२ हे तेच गुणोत्तर आहे. अशी आकृती मोजताना मी आता हे गुणोत्तर आधी पाहतो, कारण दोन मोजमापांत दोषी कोण ते कळते.

दोरी कुठे वाढली हे शोधणे सोपे होते. एक फास खिळ्यात ठेवून दुसरा मोजपट्टीशेजारी आणला. दोरी नुसती सरळ केली तेव्हा १००.७ आणि आखताना लावला होता साधारण तेवढाच जोर लावून ओढली तेव्हा १०१.२ सेंटिमीटर भरली. म्हणजे ७ मिलिमीटर गाठींनी दिले होते. आखण्यापूर्वी दोरी खिळ्यांत घालून दोन-तीनदा खेचून पाहिली होती, तेव्हाच गाठी आवळल्या गेल्या आणि त्यांच्यात दडलेली दोरी बाहेर आली. उरलेले ५ मिलिमीटर सुताच्या ताणाचे. सैल दोरीचे माप आणि कामावरच्या दोरीचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे त्यातून समजले.

मात्र मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरी बाब. आकृती चुकीच्या मापाची होती, पण ती लंबवर्तुळ होती का? उजव्या खिळ्याच्या बरोबर वर रेषेची उंची मोजली, ती १९ सेंटिमीटर. त्याच बिंदूपासून डावा खिळा ८२.२ सेंटिमीटरांवर. बेरीज १०१.२. आणखी चार ठिकाणी, अक्षांपासून दूर, असेच मोजले आणि प्रत्येक वेळी बेरीज १०१.२ च्या आसपास, एका मिलिमीटरच्या आत आली. म्हणजे चुकीच्या मापाचे का होईना, ते खरे लंबवर्तुळ होते. दोरी चुकीची होती, पण आखणीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढीच चुकीची होती. म्हणूनच डोळ्याला काही खटकले नाही, आणि खटकण्यासारखे काही नव्हतेही.

कायम काय राहते

येथे थोडे थांबून रीतीच्या मुळाशी जाणे आवश्यक आहे, कारण ‘दोरीची लांबी कायम राहते’ हे वाक्य वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. वर्तुळ काढतानाही दोरीची लांबी कायम असते, मग त्यातून वर्तुळ आणि यातून लंबवर्तुळ का? वर्तुळात दोरीचे एक टोक खिळ्याला आणि दुसरे पेन्सिलीला बांधलेले असते, त्यामुळे खिळ्यापासून पेन्सिलीचे अंतर बदलूच शकत नाही. लंबवर्तुळात पेन्सिलीला दोरी बांधलेली नसते. पेन्सिल दोरीच्या आतून तिला टेकून फक्त सरकते. ती डावीकडे गेली की डाव्या खिळ्याकडचा भाग आखडतो आणि उजव्या खिळ्याकडचा वाढतो. ही दोरी नव्याने आलेली नसते, एका बाजूची दोरी पेन्सिलीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलेली असते. एका भागात जितकी घट तितकीच दुसऱ्या भागात वाढ, असा हा हिशेब आहे आणि बेरजेला बदलायला दुसरी वाटच नाही. खिळ्यांच्या गाठीतून दोरी सुटली तर बेरीज वाढेल, दोरी ताणली गेली तर वाढेल, सैल पडली तर घटेल. यांपैकी काही झाले नाही तर दोन खिळ्यांपासून पेन्सिलीच्या अंतरांची बेरीज प्रत्येक क्षणी तीच राहते, आणि ज्या बिंदूंसाठी ही बेरीज ठरावीक असते त्यांच्या मार्गालाच लंबवर्तुळ म्हणतात. दोरी लंबवर्तुळाचे अनुकरण करत नाही, तिच्या वागण्यातच त्याची व्याख्या आहे. दोन्ही खिळे एकाच जागी आणले तर दोन्ही अंतरे समान होतात आणि वर्तुळ उरते.

१०० बाय ६०च्या आकृतीत याची पडताळणी पूर्ण आकड्यांत करता येते. मध्यापासून उजवीकडे ३० आणि वर २४ सेंटिमीटरांवरचा बिंदू घेतला तर उजवा खिळा २६ आणि डावा ७४ सेंटिमीटरांवर येतो. उजव्या खिळ्याच्या बरोबर वर १८ सेंटिमीटरांवरचा बिंदू घेतला तर अंतरे १८ आणि ८२. वरच्या टोकावर ५० आणि ५०. उजव्या टोकावर १० आणि ९०. प्रत्येक जोडीत दोन्ही संख्या बदलतात, बेरीज मात्र १००. आखणी झाल्यावर हेच बिंदू तपासावेत, फक्त चार टोके मोजून समाधान मानू नये, कारण टोके बरोबर असूनही मधली रेषा फुगलेली किंवा खपाटीला गेलेली असू शकते.

एका भागातली घट आणि दुसऱ्या भागातली वाढ सारखी असण्याचा आणखी एक परिणाम हाताला जाणवतो. पेन्सिल ज्या दिशेने सरकते ती रेषेची त्या बिंदूतली स्पर्शिका. घट आणि वाढीचा वेग तंतोतंत सारखा असायचा तर या दिशेने दोरीच्या दोन्ही भागांशी समान कोन करायला हवेत, नाहीतर एक भाग दुसऱ्यापेक्षा लवकर बदलेल. म्हणूनच लंबवर्तुळाच्या आकाराच्या आरशात एका नाभीतून निघालेला किरण परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीतून जातो. सहाव्या शतकातल्या ट्रॅलीसच्या अँथेमियस या ग्रीक गणितज्ञाने दोरीची ही रचना आरशांच्याच संदर्भात वर्णिली होती. आपल्या कामासाठी याचा अर्थ असा की पेन्सिलीचा रेटा नेहमी दोरीच्या दोन भागांमधल्या कोनाच्या दुभाजकावर, बाहेरच्या दिशेला असावा. हात पुढे ढकलू लागला की दोरी पेन्सिलीवर घासते, मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त ताणला जातो, आणि ताणली जाणारी दोरी असेल तर तिथेच लांबी बदलायला सुरुवात होते.

दुसरा प्रयत्न : न जुळणारी रेषा

पेन्सिल उचलावी लागू नये म्हणून दुसऱ्या वेळी दोरीची दोन टोके एकमेकांना बांधून तिचे बंद कडे केले आणि ते दोन्ही खिळ्यांभोवती टाकले. या पद्धतीत कड्याचा एक पदर दोन खिळ्यांच्या दरम्यान जातो आणि त्याची लांबी ८०च राहते, पेन्सिलीकडे जाणाऱ्या दोन भागांची बेरीज १००, म्हणून कडे १८० सेंटिमीटरांचे हवे. कड्यातून खिळ्यांमधला स्थिर पदर वजा केला की उरतो तो आधीचाच हिशेब. फायदा असा की पेन्सिल पूर्ण फेरी एका दमात मारू शकते.

सुती दोरी ताणली गेली म्हणून या वेळी गुळगुळीत नायलॉनची दोरी घेतली. हा निर्णय उलटा पडला. उजव्या टोकापासून निघून वरून, डावीकडून, खालून पेन्सिल परत उजव्या टोकाला आली तेव्हा रेषा सुरुवातीच्या खुणेच्या ४ मिलिमीटर बाहेर होती. लांबून पाहिले तर आकृती पहिलीसारखीच सुंदर, पण या ४ मिलिमीटरांचा अर्थ पहिल्या चुकीपेक्षा वेगळा होता. एकच बिंदू दोन ठिकाणी आला होता, म्हणजे फेरी सुरू झाली तेव्हाची दोरी आणि संपली तेव्हाची दोरी या दोन निरनिराळ्या लांबीच्या होत्या.

पहिल्यासारखीच बेरीज मोजत गेलो. निघताना १००, वरच्या टोकावर १००.१, डाव्या टोकावर १००.३, खालच्या टोकावर १००.६ आणि परत उजवीकडे १००.८. मध्यापासून वरचे टोक ३०.१ सेंटिमीटरांवर होते, खालचे ३०.५ सेंटिमीटरांवर. या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट आहे : बेरीज एकाच दिशेने वाढत गेली आहे. हाताचा जोर कमी-जास्त झाल्यामुळे चूक आली असती तर बेरीज कधी वाढली, कधी घटली असती, आणि जोर पुन्हा सारखा केल्यावर रेषा पहिल्या खुणेवर आली असती. येथे वाढलेली लांबी परत आलीच नाही. म्हणून गाठ पाहिली. बांधताना गाठीबाहेर सोडलेली शेपटे आखडली होती. गुळगुळीत नायलॉनवर गाठ पक्की बसली नव्हती आणि पेन्सिलीच्या प्रत्येक ओढीबरोबर दोरी तिच्यातून थोडी थोडी सरकत होती.

ही आकृती लंबवर्तुळ नव्हती. किंचित उलगडत जाणाऱ्या मळसूत्राचा तो एक फेरा होता, आणि त्याला कोणतेही एक माप लावून दुरुस्त करता आले नसते. पहिल्या आकृतीत दोरीची लांबी कायम होती, पण हवी ती नव्हती. दुसऱ्या आकृतीत ती सुरुवातीला हवी ती होती, पण कायम नव्हती. आकृतीचे माप दोरीच्या योग्य लांबीमुळे येते आणि तिचे लंबवर्तुळपण लांबी न बदलण्यामुळे येते, आणि या दोन गोष्टींची काळजी निरनिराळ्या उपायांनी घ्यावी लागते.

कडे बांधताना होणारी आणखी एक चूक माझ्याकडून झाली नाही, पण ती उल्लेखण्याजोगी आहे. दोरी आखूड करण्यासाठी एखाद्या खिळ्याभोवती वाढीव फेरा गुंडाळला आणि त्यामुळे एका बाजूला दोरीचे पदर दुप्पट झाले, तर कायम राहणारी बेरीज बदलते : एक अंतर एकदा आणि दुसरे दोनदा मोजले जाते. दोरी जराही वाढत नाही, तरी आकृती एका टोकाला निमुळती, अंड्यासारखी येते. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १४ वर्षांचे असताना नेमक्या अशाच दोरीच्या अंडाकृतींवर निबंध लिहिला होता आणि १८४६ मध्ये तो जेम्स फोर्ब्स यांनी एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. आपली चूक एखाद्याच्या संशोधनाचा विषय असू शकते, पण टेबलाला त्याचा उपयोग नाही.

तिसरा प्रयत्न

या वेळी बारीक, लवचीक पोलादी तार घेतली, कारण हाताच्या जोराने ती मोजता येण्याइतकी ताणली जात नाही. टोके पिळून जोडली आणि जोड सरकत नाही ना हे पाहण्यासाठी कडे दोन खिळ्यांत घालून काही वेळ जोराने ताणून ठेवले. जोडाजवळ शाईने खूण केली होती, ती हलली नाही.

लांबी मात्र मोजपट्टीने ठरवली नाही, आणि याचे कारण खिळ्यांची जाडी. वरचा सगळा हिशेब खिळा म्हणजे बिंदू आहे असे धरून केला आहे. प्रत्यक्ष खिळा ३ मिलिमीटर व्यासाचा होता आणि तार त्याच्या बाहेरून जाते. पेन्सिलीच्या टोकाजवळ मी गोल खाच पाडली होती, म्हणजे तार शिशाच्या अगदी जवळ बसते आणि वर-खाली सरकत नाही, आणि खाचेतली जाडीही जवळपास ३ मिलिमीटर होती. अशा तीन समान जाडीच्या गोलांभोवती तार ताणली तर तिचे सरळ तुकडे त्यांचे मध्यबिंदू जोडणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंइतके असतात, आणि तीन ठिकाणचे वळसे एकत्र केले तर बरोबर एक पूर्ण वर्तुळ होते. त्रिकोणाचा आकार पेन्सिलीबरोबर बदलत राहिला तरी वळशांची बेरीज बदलत नाही, कारण त्रिकोणाला एक प्रदक्षिणा घालताना तार एकूण एकच पूर्ण फेरी वळते. म्हणून वळशांत गेलेली तार कायम एका खिळ्याच्या परिघाइतकी, सुमारे ९.४ मिलिमीटर. जाडी असूनही आकृती अचूक लंबवर्तुळच येते, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात देखणी गोष्ट वाटते. पण ती लहान येते. कडे मोजपट्टीवर बरोबर १८० सेंटिमीटर करून वापरले असते तर आकृतीची लांबी सुमारे ९९.१ आणि रुंदी सुमारे ५८.४ सेंटिमीटर आली असती. पेन्सिलीची जाडी खिळ्यांपेक्षा बरीच जास्त असेल, म्हणजे बिनखाचेची नेहमीची पेन्सिल वापरली असेल, तर वळशांची बेरीज जागोजागी बदलते आणि आकृतीत बारीकसा दोष येतो. खाच पाडण्याचे हे दुसरे कारण.

यावरचा उपाय हिशेबापेक्षा सोपा आहे. दोन नाभींशिवाय तिसरा, तेवढ्याच जाडीचा खिळा लघु अक्षाच्या टोकावर ठोकला, तार तिन्ही खिळ्यांभोवती घट्ट ओढून जोडली, मग तिसरा खिळा उपटून त्याच्या जागी पेन्सिल आणली. वळशांची लांबी, जोडाची जाडी हे सगळे आपोआप हिशेबात येते. तिसरा खिळा दीर्घ अक्षाच्या टोकावरही ठोकता आला असता, पण लघु अक्षाचे टोक अधिक नाजूक मापक आहे. तिथे खिळा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर दीर्घ अक्षाच्या टोकावर फरक फक्त ०.६ मिलिमीटर पडतो. उलट दीर्घ अक्षाच्या टोकावर केलेली एक मिलिमीटर चूक लघु अक्षाच्या टोकावर पावणेदोन मिलिमीटरांच्या जवळ जाते.

आखताना पेन्सिल उभी ठेवली आणि तार फळीलगत. तार फळीपासून १ सेंटिमीटर उंच असताना पेन्सिल १० अंश कलली तर टोक जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर सरकते, आणि फेरी मारताना मनगट वळत असल्यामुळे हा कल प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. या वेळी रेषा सुरुवातीच्या खुणेवरूनच गेली. लांबी १००, रुंदी ६० सेंटिमीटरांना एक मिलिमीटर कमी. उजव्या खिळ्यावरची उंची १८, आणि तिथून डावा खिळा ८२.

आतली रेषा

फळी कापण्यापूर्वी कडेपासून ५ सेंटिमीटर आत शोभेची एक रेषाही हवी होती. खिळे जागेवर होते, म्हणून त्याच खिळ्यांवर दोरी १० सेंटिमीटरांनी आखूड करावी हा पहिला विचार. नशिबाने आधी हिशेब केला. दोरी ९०, अर्धी ४५, खिळा ४० वर, म्हणून अर्ध्या रुंदीचा वर्ग २०२५ − १६०० = ४२५ आणि अर्धी रुंदी २०.६. म्हणजे दीर्घ अक्षाच्या टोकांना पट्टा ५ सेंटिमीटरांचा, आणि बाजूंना मात्र ९.४ सेंटिमीटरांचा झाला असता. कारण पहिल्या प्रयत्नातलेच होते : खिळे न हलवता दोरी बदलली की रुंदी लांबीपेक्षा झपाट्याने बदलते.

९० बाय ५० चे लंबवर्तुळ हवे असेल तर खिळे मध्यापासून ३७.४ सेंटिमीटरांवर आणायला हवेत. तरीही पट्टा सगळीकडे सारखा होत नाही. चारही टोकांना ५ सेंटिमीटर आला तरी टोकांच्या मधल्या भागात तो दीड-पावणेदोन मिलिमीटरांनी अरुंद पडतो, कारण लंबवर्तुळापासून सर्वत्र समान अंतरावर जाणारी रेषा स्वतः लंबवर्तुळ नसते. म्हणून आतल्या रेषेसाठी दोरी वापरलीच नाही. फळी कापून कड घासून झाल्यावर लाकडाच्या एका ठोकळ्याला कडेशी टेकणारा आधार आणि त्यापासून ५ सेंटिमीटरांवर पेन्सिल लावली आणि तो कडेकडेने फिरवला.

ही रीत कुठे सोडून द्यावी तेही याच गुणोत्तरावरून ठरते. आकृती १०० बाय २० इतकी चिंचोळी असती तर खिळे टोकांपासून जेमतेम १ सेंटिमीटर आत आले असते आणि दोरीतली एक मिलिमीटरची चूक रुंदीत ५ मिलिमीटर झाली असती. पेन्सिल टोकाशी वळवायलाही जागा उरली नसती. तिथे मी सरळ लाकडी पट्टी घेईन : एका टोकाशी पेन्सिल, तिच्यापासून १० आणि ५० सेंटिमीटरांवर दोन खुणा. १० ची खूण दीर्घ अक्षावर आणि ५० ची लघु अक्षावर ठेवून पट्टी सरकवत न्यायची, म्हणजे पेन्सिल लंबवर्तुळावर राहते. त्या रीतीत अर्ध्या रुंदीची चूक १० सेंटिमीटरांच्या खुणेतल्या चुकीइतकीच असते, आणि ताणले जाण्यासारखे काही नसतेच.